गुडघ्याची गोळी, बीपीची गोळी आणि आपलं काउंटर: सीमाभागातल्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा निपाणीकडचा. फार्मसी शिकलो आणि आता बेळगावात एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो. पेशंट दाखल झाला की त्याच्या घरून आलेली औषधाची पिशवी टेबलावर ओतायची, एकेक पट्टी ओळखायची आणि तो खरोखर काय-काय घेतो याची यादी डॉक्टरांच्या हातात द्यायची, हा माझ्या कामाचा एक भाग आहे. या पिशव्यांविषयीच लिहितो आहे, कारण त्यातलं बरंच काही तुमच्या-माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून गेलेलं असतं.

आपल्या भागातली पिशवी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. बीपीची गोळी गावच्या सरकारी दवाखान्यातून नाहीतर बेळगावच्या डॉक्टरांकडून. शुगरची कोल्हापूरहून, कारण मुलगी तिकडे दिली आहे आणि तिच्याकडे गेलं की तिथल्या डॉक्टरांना दाखवणं होतं. आणि गुडघ्याची, कमरेची, मानेची गोळी जवळच्या मेडिकलमधून, बिनचिठ्ठीची. इथला डॉक्टर तिथला कागद बघत नाही, तिथल्याला इथली पट्टी दिसत नाही. दुखण्याची गोळी तर कुठल्याच कागदावर नसते. विचारलं तर पेशंट ती सांगतही नाही, कारण त्याच्या लेखी ते ‘औषध’ नाहीच. ते चहासारखं रोजचं झालेलं असतं.

एका मावशींची गोष्ट सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, औषधं आणि आकडे जसेच्या तसे समजा. वय चौसष्ट. उमेदीची सगळी वर्षं मांडी घालून, मान खाली घालून विड्या वळण्यात गेली, त्यामुळे गुडघे आणि कंबर दोन्ही धरलेले. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची एक गोळी बरीच वर्षं चालू होती आणि बीपी आटोक्यात होतं. मग गुडघे वाढले आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५ ही गोळी सुरू झाली. सकाळी एक, रात्री एक. दहाच्या पट्ट्या नातू आणून द्यायचा. असं सात-आठ महिने चाललं.

या मधल्या काळात त्यांचं बीपी चढायला लागलं. हे अपेक्षितच होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या सगळ्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. त्यामुळे बीपी थोडं वाढतं आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा जोर कमी पडतो. डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीची कल्पना नव्हती. त्यांनी वाढलेला आकडा बघितला आणि त्या आकड्यावर जे करायचं तेच केलं: साधी टेल्मिसार्टन बंद करून ‘एच’वाली दिली. म्हणजे टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, एकाच गोळीत. मावशींच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही. पुढे पिशवी ओतताना मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अवो, बीपीची एकच गोळी हाय की माझी.” त्या एका गोळीत दोन औषधं होती, आणि गुडघ्याची धरून तीन.

ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडात काय होतं ते आपण कॉलेजात शिकलो आहोत, पण उजळणी करतो. मूत्रपिंडातल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत रक्त आणणारी एक नळी आहे आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळण्यासाठी आत पुरेसा दाब लागतो. शरीरात पाणी कमी झालं की हा दाब टिकवण्यासाठी मूत्रपिंड दोन गोष्टी करतं. प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीनं आत येणारी नळी रुंद ठेवतं आणि अँजिओटेन्सिनच्या मदतीनं बाहेर जाणारी नळी आवळून धरतं. दुखण्याची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, म्हणून आत येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधं अँजिओटेन्सिनचं काम थांबवतात, म्हणून बाहेर जाणारी नळी सैल पडते. ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी, ती मुळात पाणीच कमी करते. आत येणारं रक्त कमी, बाहेरची वाट मोकळी आणि एकूण पाणी अपुरं, मग गाळणीत दाब राहणार कुठून?

धडधाकट, नीट पाणी पिणाऱ्या पोराला दाढदुखीसाठी तीन दिवस आयबुप्रोफेन दिलं तर काही बिघडत नाही, तेही याच कारणानं. त्याच्या मूत्रपिंडाला त्या दिवसांत प्रोस्टाग्लँडिनचा आधार फारसा लागतच नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर कुणी म्हणेल की हा माणूस दुखण्याच्या गोळ्याच बंद करायला निघाला आहे.

या तिहेरी जोडीवर २०१३ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीपीची औषधं घेणाऱ्या जवळपास पाच लाख लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. तिन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंड अचानक बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि पहिल्या तीस दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. मला यातला तीस दिवसांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘वर्षानुवर्षं खाल्ली तरच किडनीला त्रास’ असं आपण गिऱ्हाइकाला सांगतो, आणि स्वतःही तसंच धरून चालतो. वर्षानुवर्षं खाल्ल्याचा त्रास आहेच. गाळणी हळूहळू झिजते, मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला इजा होते, आणि क्षमता निम्मी गेली तरी क्रिएटिनिनचा आकडा जवळपास ठीकच दिसू शकतो. पण ज्याच्या बीपीच्या गोळीत आधीच दोन औषधं आहेत, त्याच्यासाठी तुम्ही दिलेली नवी पट्टी पहिल्या महिन्यातच सगळ्यात जास्त धोक्याची असते.

मावशींना पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब लागले. दोन दिवस पोटात काही ठरत नव्हतं. घरच्यांनी काळजीनं बीपीची गोळी चुकू दिली नाही. अंग दुखतं म्हणून गुडघ्याचीही चालू राहिली, उलट दुपारची एक वाढली. तिसऱ्या दिवशी लघवी अगदी कमी झाली, चौथ्या दिवशी उठताना चक्कर येऊन पडल्या. रुग्णालयात आल्या तेव्हा क्रिएटिनिन ३.८ होतं. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर ते १.० होतं. पोटॅशियम ६.१. मूत्रपिंड थकलं की पोटॅशियम साठतं, त्यात टेल्मिसार्टन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक दोघंही ते वाढवतात, आणि या पातळीला हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पहिली धावपळ त्यासाठीच झाली.

त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन ७.९ होतं. ते मूत्रपिंडामुळे चार दिवसांत उतरत नाही. विचारपूस केली तेव्हा कळलं की महिनाभर संडासला काळं होत होतं. “रक्ताच्या गोळ्या चालू हायत न्हवं, त्यानं काळं हुतंय,” असं त्यांनी आणि घरच्यांनीही धरून चाललं होतं. लोहाच्या गोळीनं संडास काळपट-हिरवी होते हे खरं, पण ती साधीच असते. पोटात रक्तस्राव झाला की ती डांबरासारखी काळी, चिकट होते, पाण्यानं सहज निघत नाही आणि तिला वेगळाच उग्र वास येतो. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात अल्सर दिसला. पोट दुखत होतं का? अजिबात नाही. दुखण्याच्या गोळीनं झालेला अल्सर पुष्कळदा दुखत नाही, आणि पहिली खूण काळी संडास किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन हीच असते. ‘पोटात जळजळ नाही ना, मग चालू ठेवा’ हा आपल्या काउंटरवरचा नेहमीचा सल्ला इथेच फसतो.

पोटाबद्दल आणखी दोन समजुती मी रोज ऐकतो. पहिली, जेवल्यावर घेतली की पोटाला लागत नाही. दुसरी, गोळीपेक्षा सुई बरी, ती पोटात जात नाही. गोळीनं जठराच्या अस्तराला थोडा थेट त्रास होतो, पण मुख्य नुकसान रक्तातून होतं. अस्तरावरचा चिकट थर, आम्ल मारणारं बायकार्बोनेट आणि अस्तराला मिळणारा रक्तपुरवठा हे सगळं प्रोस्टाग्लँडिनवर चालतं. औषध तोंडानं गेलं काय, कमरेत सुईनं गेलं काय किंवा गुदद्वारातून गेलं काय, प्रोस्टाग्लँडिन बंदच होतं. जेवणानं मळमळ कमी होईल, अल्सर टळणार नाही. शिवाय या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या पेशींचंही काम मंद करतात, म्हणून अल्सर एकदा वाहायला लागला की वाहत राहतो.

गॅसच्या गोळीचं काय, असं तुम्ही विचाराल. ओमेप्राझोल २० किंवा पॅन्टोप्राझोल ४० सकाळी उपाशीपोटी घेतली तर जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांचं बऱ्यापैकी रक्षण होतं. रॅनिटिडीनच्या नेहमीच्या डोसनं जठरातला अल्सर टळत नाही. आणि मूत्रपिंडासाठी यातल्या कुठल्याही गोळीचा काहीच उपयोग नाही. पण ‘गॅसची गोळी सोबत दिलीय, आता बिनधास्त’ असं सांगून आपण गिऱ्हाइकाची तीच गोळी महिनोन्महिने चालू ठेवतो. नवीन पिढीची, पोटाला सौम्य म्हणून एटोरिकॉक्सिब दिली जाते. पोटाला ती खरंच कमी त्रास देते, पण मूत्रपिंडात ती तेच करते आणि बीपी वाढवण्यात मागे नाही.

कागदी पुडीचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत कंबर धरलेले मजूर येतात, त्यांना ‘तीन टायमाच्या पुड्या’ बांधून द्यायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. एक दुखण्याची, एक बारीक पांढरी स्टेरॉइडची, एक गॅसची, एक रंगीत जीवनसत्त्वाची. स्टेरॉइडनं दुसऱ्याच दिवशी माणूस टुणटुणीत होतो आणि पुन्हा तीच पुडी मागतो. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की पोटातल्या रक्तस्रावाचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यातून तो दिवसभर उन्हात, घाम गाळत, मिळेल तेवढंच पाणी पिऊन ऊस तोडणार. बीपीची गोळी नसली तरी पाण्याच्या तुटीचं काम त्याचं ऊनच करून टाकतं. पुडीत नाव नसतं, त्यामुळे तो आमच्यापर्यंत आला तरी त्याने काय घेतलं हे आम्हाला सांगता येत नाही.

एक गोष्ट जाता जाता. आपल्या देशात गिधाडं का संपत आली याचा शोध २००४ च्या सुमारास लागला. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक भारतात बंद झालं. माणूस गिधाड नाही, आपलं शरीर ते औषध बरंच चांगलं पचवतं, हे मान्य. पण गिधाडांसाठी बंदी आली आणि म्हाताऱ्या माणसांना तीच गोळी बिनचिठ्ठीची मिळते, हे माझ्या मनातून जात नाही.

आता मागणं काय ते सांगतो. डॉक्टरांना दिसत नाही, घरच्यांना कळत नाही, आणि दोन्ही गोळ्या एकाच वेळी नजरेसमोर येण्याची जागा फक्त तुमचं काउंटर आहे. तेच कुटुंब तुमच्याकडून ‘एच’वाली बीपीची पट्टीही नेतं आणि दुखण्याचीही नेतं. “दुखण्याची गोळी द्या” म्हणणारा असो की “नोविन गुळगी कोड्री” म्हणणारा, पट्टी कापण्याआधी एक प्रश्न विचारा: बीपीची गोळी चालू आहे का, आणि असेल तर तिची पट्टी दाखवा. तोंडी नावावर जाऊ नका, ‘एकच गोळी’ या उत्तरावर तर अजिबात नको. पट्टीवर टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांच्यापैकी काही असेल आणि सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, किंवा वेगळी फ्युरोसेमाइड वा टॉर्सेमाइड चालू असेल, तर दुखण्याची गोळी देऊ नका. नुसती अ‍ॅम्लोडिपिन असेल तर मूत्रपिंडाचा हा तिढा नाही, तरी वय आणि पोट बघावंच लागेल. पूर्वी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारं औषध किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन ७५ घेणारा, किंवा काळ्या संडासची तक्रार सांगणारा माणूस असेल, तर त्याला गोळी न देता डॉक्टरांकडे धाडायचं. काळी संडास असेल तर त्याच दिवशी.

त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं का? नाही. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० आहे. वयस्कर आणि कृश माणसाला दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत, रोज दारू पिणाऱ्याला २ ग्रॅमच्या आत. मात्र आधीच्या ‘कॉम्बिनेशन’मधलं ३२५ यात धरायचं विसरू नका. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचा जेल चांगला चालतो. गोळीच्या मानानं रक्तात त्याचा अगदी थोडा अंश, साधारण ६ टक्के, उतरतो. पण नखाएवढा लावून उपयोग नाही. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा, आणि निदान दोन आठवडे. ‘मलमानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक तीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवलेली असते. ज्याला गोळी दिलीत त्याला दहा दिवसांच्या वर देऊ नका, आणि जुलाब, उलटी, ताप किंवा उपास असेल त्या दिवशी ती बंद ठेवायला तोंडानं सांगा. अशा आजारपणात बीपीची ‘एच’वाली गोळीही दोन दिवस थांबवावी का, हे डॉक्टरांना फोन करून विचारायला सांगा, स्वतः ठरवू नका.

पट्टी कापण्याची पद्धत तर बदलाच. चार गोळ्या देताना नाव आणि तारीख छापलेली बाजू बहुतेक दुकानात राहते आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसती चंदेरी पाठ जाते. माझ्या टेबलावर येणाऱ्या पट्ट्यांत अशा मुक्या पट्ट्या खूप असतात. मग गोळीचा रंग, आकार आणि कोरलेली अक्षरं बघत बसावं लागतं, आणि कधी कधी तेवढा वेळ पेशंटकडे नसतो. पट्टीवरचं इंग्रजी आपल्या भागातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, आणि सरकारी दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये असतो. पाकिटावर तुम्ही पेनानं जे लिहाल तेवढंच त्यांना, नाहीतर त्यांच्या नातवाला, वाचता येतं. औषधाचं मूळ नाव, किती दिवस, आणि ‘जुलाब-उलटी झाल्यास बंद’. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, गिऱ्हाईक बघून लिहा.

धंद्याचं मला कळतं. मी दिली नाही तर समोरचा देईल, हे वाक्य मी मित्रांकडून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे. तालुक्याच्या संघटनांनी बैठकीत एवढं जरी ठरवलं, की बीपीची पट्टी बघितल्याशिवाय साठीपुढच्या माणसाला दुखण्याची गोळी कुणीच कापणार नाही, तरी समोरचा देईल हा प्रश्न राहत नाही. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांनुसार तसंही आपलंच काम आहे, आणि यातल्या बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलंच असतं.

मावशींचं पुढे काय झालं ते राहिलं. तिन्ही औषधं बंद केली, सलाईन, दोन बाटल्या रक्त, पॅन्टोप्राझोल. डायलिसिसची तयारी ठेवली होती, ती लागली नाही. क्रिएटिनिन आठवड्यानं २.१ वर आणि महिन्यानं १.३ वर येऊन थांबलं. पूर्वीचं १.० परत आलं नाही. जठरातल्या जंतूची तपासणी करून त्याचाही कोर्स झाला. बीपीसाठी आता अ‍ॅम्लोडिपिन आहे, आणि गंमत म्हणजे गुडघ्याची गोळी बंद झाल्यापासून तेवढ्या एका गोळीवर बीपी आटोक्यात आहे. गुडघे दुखतातच. जेल लावतात, मांडीचे व्यायाम करतात, खाली बसणं सोडून खुर्ची घेतली आहे. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला येतात, आणि आता पिशवीत प्रत्येक पट्टी नावासकट असते.

तालुक्याच्या बैठकीत या विषयासाठी वेळ मिळणार असेल तर मी यायला तयार आहे. येताना काही मुक्या पट्ट्या सोबत आणीन.

आपला,
बेळगावातला एक औषधनिर्माता